टिकलीकडे बघून बोलायचं

माझं पहिलं स्थळ मी पायांवरून पसंत केलं होतं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, डोक्यानं नऊ. सतरंजीवर बसवलं होतं, मान खाली, आणि समोर चपलांची रांग. त्यातली एक चप्पल फार देखणी होती, तपकिरी, नवी, बकलाची. मी मनात म्हटलं, चला, माणूस टापटिपीचा दिसतो. लग्नानंतर कळलं की ती चप्पल नवरदेवाच्या मावसभावाची होती. नवरा माणूस म्हणून चांगला निघाला, हे माझं नशीब. चपलांचा मात्र त्याला आयुष्यभर गंध नव्हता.

तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो, नात शिकायला इथे नाशकात माझ्याजवळ. गंगापूर रोडला आमचा फ्लॅट आहे, दोन खोल्या आणि एक बाल्कनी. दिवस जातो. दुपारी चारचा चहा तेवढा जात नाही. कप एकच भरायचा आणि समोरच्या खुर्चीवर घडी न केलेले कपडे. एके दिवशी मी त्या कपड्यांशी बोलायला लागले, तेव्हा नातीनं माझा फोन घेतला आणि ज्येष्ठांना सोबती शोधून देणाऱ्या एका ॲपवर माझं नाव घातलं. मला विचारून घातलं, हे मुद्दाम सांगते. नाहीतर लोक पोरीला बोलतील. मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुला बरं वाटत असेल तर." मग हवापाण्याकडे वळला.

पहिली भेट व्हिडिओवर, हा नातीचा नियम. "आजी, आधी फोनवर बघ, बोल. नाही पटलं तर लाल बटण. हॉटेलात बसल्यावर लाल बटण नसतं."

लाल बटण मी दोनदा वापरलं. पहिल्या गृहस्थांनी फोन टेबलावर आडवा ठेवला होता. मला पूर्ण वेळ त्यांचा छताचा पंखा दिसला आणि मधूनच दोन नाकपुड्या. पंख्याखालून आवाज येत होता तो त्यांच्या कोलेस्टेरॉलचा. दुसरे गृहस्थ नीट दिसले, पण त्यांचे प्रश्न सगळे एकाच जातीचे: पेन्शन किती, फ्लॅट कुणाच्या नावावर, मुलगा कितीदा येतो. मी विचारलं, "कर्ज देताय का?" आणि बटण दाबलं.

तेव्हा मी नातीला सांगून टाकलं की आता एकच. हा तिसरा. यातही मुलाखतच झाली, नाहीतर पंखाच दिसला, तर ॲप काढून टाकायचं आणि मी कपड्यांशीच बोलणार. मला नवरा नको होता, घर सांभाळायला माणूस नको होता. मला समोर बसून स्वतःचं काहीतरी बोलणारा, माझं ऐकणारा आणि माझ्याशी थोडं भांडणारा एक माणूस हवा होता. एवढंच, आणि एवढंच मिळत नव्हतं.

तिसरे गृहस्थ निफाडकडचे. निवृत्त गणित शिक्षक, थोडी द्राक्षबाग, बायको जाऊन काही वर्षं झालेली. लिहिलेलं मोजकं होतं आणि शुद्धलेखन बरोबर होतं. मी खूश. सरकारी कचेरीत आयुष्यभर कारकुनी केली, लोकांचे अर्ज वाचले. शुद्ध लिहिणारा माणूस दिसला की मला अजून उठून खुर्ची द्यावीशी वाटते.

रविवारी दुपारी बोलायचं ठरलं. सकाळपासून नातीनं घराचं चित्रीकरण केंद्र करून टाकलं.

मला वाटलं होतं मी माझ्या आवडत्या जागी बसेन, खिडकीला पाठ करून. तिनं मला तिथे बसवून फोनमध्ये दाखवलं. मागे लख्ख ऊन आणि मध्ये काळाकुट्ट मी. डोळे नाही, नाक नाही, नुसता अंबाडा.

"हे कोण?" मी म्हटलं.

"तू. उजेड पाठीमागे असला की अशीच दिसणार. खुर्ची फिरव. खिडकी तुझ्या समोर पाहिजे."

खुर्ची फिरवली. तर ऊन थेट तोंडावर, मी डोळे बारीक करून बसलेली, भाजीवाल्याशी भाव करताना बसते तशी. मग तिनं खिडकीला पांढरी ओढणी टांगली. ऊन मऊ झालं आणि माझा चेहराही. ट्यूबलाइट तिनं बंदच केला. म्हणाली, "वरून उजेड पडला की डोळ्यांखाली खड्डे दिसतात."

"खड्डे आहेतच."

"आहेत, पण पहिल्याच भेटीत दाखवायची काय गरज आहे?"

मला हसू आलं, कारण हे सगळं मला माझ्या मावशीनं शिकवलेलं होतं. दाखवायच्या दिवशी तिनं मला दाराकडे तोंड करून बसवलं होतं. "उजेड तोंडावर पडला की रंग खुलतो," असं कुजबुजली होती. मी एवढी भोट, की उजेड तोंडावर पडायचा तर तोंड वर पाहिजे, हे मला सुचलंच नाही. त्या दिवशी माझा भांग काय तो उजळून निघाला.

फोन ठेवायचा प्रश्न आला. तांब्याला टेकवला तर घसरला. उशीवर ठेवला तर माझी हनुवटीच मोठी दिसायला लागली. शेवटी टेबलावर डाळीचा डबा, त्यावर साखरेचा, त्यावर फोन रबरानं बांधून. कॅमेरा बरोबर डोळ्यांच्या उंचीला आला. तरीही मी धुक्यातून आल्यासारखी दिसत होते. नातीनं फोन हातात घेतला, भिंगाचा वास घेतला आणि म्हणाली, "लोणचं."

काल मी त्याच हातानं मुलाला फोन लावला होता. तिनं भिंग माझ्याच पदरानं पुसलं आणि धुकं गेलं.

माझ्या चष्म्यात खिडकी चमकत होती. फोन जरा बाजूला सरकवला, चष्मा नाकावर इकडे तिकडे केला, तेव्हा माझे डोळे दिसले. मागच्या भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर तिनं उतरवलं, औषधांची टोपली हलवली, विजेचं बिल ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यावर पत्ता असतो. पत्ता, पेन्शनचं खातं आणि एकटी असण्याच्या वेळा पहिल्या भेटीत कुणाला कळता कामा नयेत. मला माझी बक्षिसाची किटली मागे ठेवायची होती, कचेरीच्या रांगोळी स्पर्धेत मिळालेली. ती तिनं ठेवू दिली. म्हणाली, "त्यावरून बोलायला विषय निघतो."

"आणि हे बघ," ती म्हणाली, "तू सारखी खालच्या चौकोनात स्वतःकडे बघतेस. मागच्या वेळी तू पूर्ण वेळ केस सारखे करत होतीस. तो चौकोन मी लपवते. तू इथे बघायचं." आणि तिनं माझ्या टिकल्यांच्या पाकिटातली एक टिकली काढून कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी चिकटवली. "या टिकलीकडे बघून बोललीस की त्यांना वाटेल तू त्यांच्याकडे बघतेस. ऐकताना त्यांच्याकडे बघ, बोलताना टिकलीकडे."

मी टिकलीला नमस्कार केला.

मग विषय. गुडघे नाहीत, साखर नाही, जमीनजुमला नाही. गेलेल्या माणसांबद्दल बोलायचं, पण त्यांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल नाही. आणि "हो" किंवा "नाही" असं उत्तर येईल तो प्रश्नच विचारायचा नाही. "आवडीनिवडी काय असं विचारू नकोस," ती म्हणाली. "माणूस लगेच वाचन आणि संगीत म्हणतो. आज सकाळी उठल्यापासून काय केलंत, असं विचार. त्यात सगळं येतं." आणखी एक सांगितलं: फोनवर आवाज थोडा उशिरा पोहोचतो, म्हणून त्यांचं संपलं असं वाटलं तरी एक श्वास घ्यायचा, मग बोलायचं. मी म्हटलं, आयुष्यात मी कुणाचं संपल्यावर श्वास घेतलेला नाही. ती म्हणाली, "माहितीये. म्हणून सांगतेय."

नातीच्या फोनची घंटी बंद, चार्जर लावलेला, इअरफोन कानात, कामवालीला उद्या ये म्हणून सांगितलेलं. दोन्हीकडे चहा ठेवायचा असं ॲपवरच ठरवलं होतं, म्हणजे हात कुठे ठेवायचे हा प्रश्न मिटतो. नात बाल्कनीत दार लावून बसली, हाक मारली तर येईल एवढ्या अंतरावर. आणि अर्धा तास, जास्त नाही. हेही आधीच कळवलेलं.

फोन वाजला. मी पदर सारखा केला, टिकलीकडे पाहिलं आणि हिरवं बटण दाबलं.

पंखा नव्हता! अख्खा माणूस होता. पांढरा सदरा, पांढरी मिशी, मागे निळी भिंत. फोन सरळ उभा, चेहरा स्पष्ट, जरा घाबरलेला.

"नमस्कार ताई," ते म्हणाले.

मी एक श्वास घेतला, नातीनं सांगितला होता म्हणून. "ताई नको हो. ताई म्हणालात तर मला राखी घेऊन यावं लागेल."

ते गडबडले. उजवीकडे बघितलं. मग म्हणाले, "मॅडम म्हणतो."

"चालेल. आणि मी सर म्हणते. म्हणजे दोघांनाही नोकरीवर गेल्यासारखं वाटेल."

ते हसले. हसणं छान होतं, दात स्वतःचे होते. मी विचारलं, "आज सकाळी उठल्यापासून काय केलंत?"

त्यांनी पुन्हा उजवीकडे बघितलं. "उठलो... फिरायला गेलो. देवपूजा केली. वाचन."

"काय वाचलंत?"

उजवीकडे. "धार्मिक."

मला वाटलं उजवीकडे दूरदर्शन चालू असेल. मी विचारलं की शाळेत सगळ्यात खोडकर पोरं कुठे बसायची. माझ्या मते मागे, पण माझ्या अनुभवात पुढेही बसायची. असल्या प्रश्नावर कुठलाही मास्तर फुलतो. ते फुललेसुद्धा, तोंड उघडलं, आणि अचानक थांबून उजवीकडे बघून म्हणाले, "सगळीच पोरं चांगली होती."

तेवढ्यात चहाच्या कपाशेजारी एक हात आला. हिरव्या बांगड्यांचा, सुरकुतलेला. त्यानं पोह्यांची बशी आत ढकलली आणि गायब झाला.

माझा चहा हातातच राहिला. मला ती सतरंजी आठवली. मावशी माझ्या उजव्या बाजूला बसली होती. मुलाच्या आईनं विचारलं, गाणं येतं का. मी मावशीकडे बघितलं, मावशी म्हणाली, "येतं." स्वयंपाक? "सगळा येतो." आवड कशाची? "देवाधर्माची फार." मी पूर्ण कार्यक्रमात एकच शब्द बोलले होते, "हो", आणि तोही पाणी हवं का या प्रश्नाला. गाणं मला कुठलंच येत नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच हळदीकुंकवाला सासूनं म्हण म्हटलं तेव्हा मी शाळेतली प्रार्थना म्हटली, उभी राहून, हात जोडून. बायका पण उभ्या राहिल्या.

आणि आता समोर पांढऱ्या मिशीचा, शाळेत पोरांना उभं करणारा माणूस तसाच बसला होता. मलाच बघावं तसं. त्याची मावशी कॅमेऱ्याबाहेर होती, एवढाच फरक.

मला राग यायला हवा होता. आला नाही. पण वेळ चालला होता आणि मला या माणसाचं एकही वाक्य मिळालेलं नव्हतं. असंच चालू राहिलं असतं तर मी घड्याळ बघून नमस्कार केला असता आणि संध्याकाळी ॲप गेलं असतं. त्याला बिचाऱ्याला कधी कळलंच नसतं की का.

"सर," मी म्हटलं, "पोहे कुणी केले?"

उजवीकडे. "आक्कांनी. म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं. इथंच असते."

"मग त्यांना म्हणावं, या ना समोर. एवढे पोहे करून आडोशाला का बसायचं?"

तिकडे खुसखुस झाली. बांगड्या वाजल्या. मग निळ्या भिंतीसमोर एक म्हातारी आली, डोक्यावर पदर, आणि फोनच्या इतकी जवळ, की मला एक डोळा आणि अर्धं कुंकू दिसलं.

"आक्का, मागे सरक," ते म्हणाले.

"सरकले. नमस्कार बाई. मी आपली हितंच बसले व्हते. भाऊ लय भिडस्त हाय. बोलतच नाय. म्हनलं आपन जरा हात द्यावा."

"बरं केलंत," मी म्हटलं. "माझी मावशीपण हात द्यायची. पोहे दिसतायत चांगले."

"शेंगदाने भाजून घातलेत. तुमी घालता का?"

"घालते. आक्का, मी एक विचारू? हा फोन जरा वेळ तुमच्या भावाला एकट्याला द्याल? तुमच्याशी मी मग बोलीन, पोह्यांवर सविस्तर. आधी यांचं काय ते यांच्या तोंडून ऐकते."

तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मी मनात म्हटलं, आता ही फोन ठेवून देईल. मग भावाकडे वळून म्हणाली, "भाऊ, बाई बोलती बरं का." आणि आत गेली. पण दार उघडंच राहिलं आणि भांडी आवरायचा आवाज फारच सावकाश येऊ लागला. आवाजावरून कळतं हो, भांडी घासायला घेतलीत की ऐकायला.

त्यांनाही कळत होतं. मी म्हटलं, "सर, तुमची बाग घरापासून किती लांब?"

"ही काय, मागेच."

"फोन चालतो तिथे?"

"बांधापर्यंत चालतो. त्याच्यापुढं तुटतो."

"मग बांधापर्यंत चला. मला बाग दाखवा."

ते उठले. मग मला थोडा वेळ त्यांची चप्पल दिसली, मग आकाश, मग एक कुत्रं, मग परत चप्पल. साधी होती, रबराची. मी यावेळी त्यावरून काही ठरवलं नाही. मग फोन स्थिर झाला आणि समोर काळाकुट्ट पुतळा उभा राहिला. मागे ऊन.

"सर, तुमचा नुसता कान दिसतोय. उजेड तुमच्या पाठीमागे आहे. फिरा. तोंड उजेडाकडे. नाही, उन्हाकडे नाही, डोळे मिटतील. मांडवाच्या सावलीत कडेला उभे राहा आणि मोकळ्याकडे तोंड करा."

शिकवलेलं सकाळचं, पण मी असं बोलत होते जणू जन्मभर हाच धंदा केला. ते फिरले. वेलींच्या मांडवाखाली हिरवट, मऊ उजेड होता, ओढणीपेक्षा चांगला. चेहऱ्यावरची भीती उतरली होती, किंवा उजेडानं उतरवली होती.

"फोन डोळ्यांसमोर धरा. हात दुखेल, तर तारेच्या खांबाला टेकवा."

त्यांनी फोन खांबाच्या खाचेत बसवला, मागे सरकून बघितलं, परत पुढे येऊन सरळ केला. गणिताचा मास्तर. "आता?"

"आता दिसताय. हे मागे कागद कसले लटकलेत?"

"घडांना कागद बांधलेत. थंडीत मणी गुलाबी पडतात, मग व्यापारी घेत नाही. एकेका घडाला बांधावा लागतो. बाया येतात त्यासाठी. मी पण बांधतो. माझे बरेचसे सुटतात."

हे पहिलं वाक्य होतं ज्याच्या आधी त्यांनी उजवीकडे बघितलं नव्हतं. मी चहाचा घोट घेतला. गार झाला होता, तरी घेतला.

"गोड आहेत का?"

त्यांनी एका घडाचा कागद सारखा केला. मी श्वास घेतला. त्यांनी दुसरा कागद सारखा केला. मी आणखी एक घेतला. आयुष्यातला सगळ्यात अवघड श्वास तो.

"मॅडम, खरं सांगू? मला द्राक्षं आवडत नाहीत."

"काय सांगता!"

"लहानपणापासून. दात आंबतात. पण निफाडात राहून असं बोलता येत नाही. आक्का पाहुण्यांना सांगते, भाऊ बागेत हिंडता हिंडता घडच्या घड खातो. मग पाहुणे माझ्यापुढं ताट भरून ठेवतात. मी खातो."

मी इतकी हसले की इअरफोन निसटला. तो शोधून कानात घालेपर्यंत ते बोलतच होते आणि मला मधलं काही ऐकू आलं नाही. मी तसं सांगितलं, "माझा कान निसटला होता, परत बोला," आणि ते परत बोलले. मागच्या रांगेतल्या एका पोराबद्दल होतं. गणिताचा तास असला की तो रोज पोट धरून बसायचा. यांनी त्याला एक दिवस शेजारी बसवून सांगितलं, मलाही बीजगणिताची भीती वाटायची. मग पोराचं पोट दुखायचं थांबलं. "तुम्ही विचारलं होतं ना, खोडकर पोरं कुठं बसतात," ते म्हणाले. "माझ्याकडं ती दाराजवळ बसायची. पळायला सोयीचं."

मग त्यांनी विचारलं, "मागे ती किटली कसली आहे?"

म्हणजे बघत होते! मी रांगोळी स्पर्धेची गोष्ट सांगितली. माझ्या मोराला लोक कोंबडा म्हणत होते, तरी बक्षीस मिळालं, कारण स्पर्धक तीनच होते आणि एक आली नाही. ते म्हणाले, "म्हणजे पन्नास टक्के शक्यता."

"सर, हे कौतुक आहे का?"

"गणित आहे."

"तुम्ही भांडता वाटतं."

"आक्काशी नाही भांडता येत. ती रडते."

"मी नाही रडत," मी म्हटलं. "मी लक्षात ठेवते."

त्यांच्या बायकोबद्दल ते दोनच वाक्यं बोलले. ती कागद इतके पक्के बांधायची की काढणीच्या वेळी गाठ सोडवायलाही कात्री लागायची. मी माझ्या नवऱ्याच्या चपलांबद्दल बोलले. चार चपला घेतल्या, चारही चावल्या. आजारपण दोघांनीही काढलं नाही, आणि ते गेलेले दोघं आमच्यात बसले असं मला वाटलं नाही. लांब उभे होते, ओळखीच्या माणसांसारखे.

मग घड्याळाकडे लक्ष गेलं. अर्धा तास होत आला होता. नातीनं बजावलेलं शेवटचं हेच होतं की वेळेवर संपव, गप्पा चांगल्या चालल्या असल्या तरी. चांगल्या चालल्या असल्या तर जास्तच. आणि "बरं मग... ठेवू का... हं... अजून काय" करत दहा मिनिटं दारात उभं राहायचं नाही. काय वाटलं ते सांगायचं, पुढचं काय ते ठरवायचं, ठेवायचं.

"सर, वेळ झाली," मी म्हटलं.

"हो हो." ते सरळ उभे राहिले. सदरा ओढला. "बरं वाटलं बोलून. मग... कळवतो."

कळवतो! मुलाकडच्यांच्या त्या एका शब्दावर माझ्या बापानं महिनाभर दाराकडे डोळे लावले होते. पोस्टमन दिसला की आई पदराला हात पुसायची. मी तर रोज सायकलच्या घंटीला आत पळायचे आणि फटीतून बघायचे, मूर्ख. कुणी मला विचारलं नाही की तुला काय वाटलं, आणि मलाही कधी सुचलं नाही की मला काही वाटू शकतं.

"कळवतो नको," मी म्हटलं. "मी आधी सांगते. मला आवडलं. आक्का शेजारी होत्या तोवर नाही आवडलं, बागेत आल्यावर आवडलं. पुन्हा बोलायची इच्छा आहे. आता तुम्ही सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, मी रडत नाही."

त्यांनी सवयीनं उजवीकडे बघितलं. तिकडे नुसत्या वेली. कागदात बांधलेले घड. कुणी सांगायला नव्हतं.

फोन तुटला की काय म्हणून मी टिकलीजवळ तोंड नेलं. मग ते माझ्याकडे बघून, म्हणजे त्यांच्या फोनकडे बघून, म्हणाले, "मला बोलायची सवय नाही मॅडम. आज झालं तसं रोज होणार नाही. पण बुधवारी पुन्हा फोन केला तर चालेल? याच वेळी. मी आधीच इथं येऊन उभा राहीन."

"चालेल. आणि त्यानंतर जमलं तर समोरासमोर. गंगापूर रोडला कुठल्या तरी हॉटेलात, चारचौघांत. नातीचा नियम आहे."

"नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "द्राक्षं नाही आणणार."

"आणू नका."

नमस्कार झाला. त्यांनी फोन खांबातून काढला, बोट काचेवर टेकवलं आणि खिशात टाकला. बटण लागलंच नव्हतं. माझ्यासमोर काळोख झाला आणि कानात सदऱ्याची खसखस आणि पायाखालचा पाला. मी हाक मारणार होते. एवढ्यात लांबून आक्काचा आवाज आला, धापा टाकत, "भाऊ! काय म्हनली बाई? काय ठरलं? काय सांगितलंस तू?"

पाला वाजायचा थांबला.

"आक्का," ते म्हणाले, "ते आमचं आम्ही बघतो."

मी लाल बटण दाबलं. दुसऱ्यांचं ऐकू नये. बाल्कनीचं दार उघडून नात आत आली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, खुर्चीवरचे कपडे तेवढे आत नेऊन ठेव.